सवाईची ज्वारी आणि वाडीचा गोबर गॅस

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, दुष्काळी पट्ट्यातल्या एका वाडीवर मला बोलावलं होतं. पंचवीस घरांची वाडी. सगळ्यांच्या जनावरांचं शेण एकत्र करून एकच मोठा गोबर गॅस बांधायचा आणि नळ्यांनी घराघरांत गॅस द्यायचा, असं ग्रामपंचायतीच्या मनात होतं. अंदाजपत्रक ७ लाखांचं होतं. त्यातले साडेचार लाख योजनेतून मागायचे आणि अडीच लाख गावानं उभे करायचे, म्हणजे घरटी १० हजार. माझं काम ग्रामीण योजनांचे हिशोब तपासण्याचं. सरपंचताईंनी फोनवर एकच सांगितलं, "गॅस कसा तयार होतो ते सगळ्यांना माहीत आहे. आमचे दहा हजार फिटतात का, तेवढं सांगा. आणि पंधरा मिनिटांत सांगा."

पंधरा मिनिटांचे तास-दीड तास झाले. तिथं जे बोलणं झालं ते जरा सविस्तर लिहितो, कारण सामुदायिक गोबर गॅसचं गणित बहुतेक ठिकाणी चुकीच्या टोकाकडून मांडलं जातं. किती घनमीटर गॅस निघेल इथून सुरुवात होते. त्या गॅसची किंमत सिलिंडरच्या भावानं काढतात, तिला पंधरा वर्षांनी गुणतात आणि प्रकल्प सोन्यासारखा दिसू लागतो. घरातून बाहेर जाणारा पैसा नेमका किती थांबणार, आणि पुढच्या वर्षांत थांबणाऱ्या त्या पैशाची आज किंमत काय, हे दोन प्रश्न राहूनच जातात.

दुसरा प्रश्न समजावायला अवघड जाईल असं मला वाटलं होतं. पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढणं म्हणजे बँकेतलं गणित. मी फळ्यावर शंभर रुपये आणि व्याज असं काही लिहायला लागलो, तेवढ्यात समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "ही तर सवाई."

त्यांचं बरोबर होतं. आषाढात घरातली ज्वारी संपली की सावकाराकडून एक पोतं आणायचं आणि सुगीला सव्वा पोतं परत करायचं, ती सवाई. वर्ष फार वाईट असलं तर दिढी, म्हणजे दीड पोतं. आता ती चाल फारशी उरलेली नाही, पण वाडीवरच्या साठीपुढच्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. मग मी आजींनाच विचारलं, "सुगीला मिळणारं सव्वा पोतं आषाढात कितीला पडतं?" त्या म्हणाल्या, "एका पोत्याला." झालं. पुढे मिळणाऱ्या वस्तूची आजची किंमत तिच्यापेक्षा कमी असते आणि ती किती कमी हे व्याजाच्या दरावर ठरतं, एवढंच ते गणित आहे. सवाईत सव्वानं भागायचं. आठ टक्के दर धरला तर एका वर्षासाठी १.०८ नं भागायचं, दोन वर्षांसाठी दोनदा, दहा वर्षांसाठी दहा वेळा.

आता पहिला प्रश्न. तो वरवर सोपा दिसतो, पण फसगत तिथंच होते.

मी सभेच्या आदल्या दिवशी घरोघरी फिरलो होतो. पंचवीस घरांत मिळून वर्षाला १२५ सिलिंडर लागतात, म्हणजे घरटी पाच. सिलिंडर गावात पोचेपर्यंत त्या वेळी साधारण ९०० रुपयांना पडत होता. एका सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि त्याचं काम करायला सुमारे ३२ घनमीटर गोबर गॅस लागतो. मोजदाद करताना शेकडा सत्तर लोक असंच करतात: संयंत्र दिवसाला २५ घनमीटरचं, म्हणजे वर्षाला नऊ हजारांवर घनमीटर, म्हणजे जवळजवळ २८५ सिलिंडर, म्हणजे अडीच लाखांची बचत. पण वाडी २८५ सिलिंडर विकत घेतच नाही. ती १२५ घेते. जे विकत घेतलं जात नाही ते वाचूही शकत नाही.

शिवाय ते १२५ सुद्धा पूर्ण थांबणार नाहीत. लग्नकार्य, सणवार, संयंत्र बंद पडल्याचा दिवस, यासाठी प्रत्येक घर वर्षाला एखादा सिलिंडर घेणारच. म्हणून मी १०० धरले. त्यांचे ९० हजार झाले. त्यातल्या उज्ज्वला योजनेच्या घरांना तेव्हा सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान परत मिळत होतं. त्या घरांचे वाचणारे सिलिंडर ३० निघाले. त्यांचे ९ हजार वजा केले, कारण ते अनुदानही सिलिंडरबरोबरच थांबणार. उरले ८१ हजार.

उरलेला स्वयंपाक जळणावर होतो. काही घरं वेड्या बाभळीचं जळण विकत घेतात. त्याचा वाडीचा खर्च वर्षाला साठेक हजार. पण आंघोळीच्या पाण्याचा बंब गोबर गॅसवर चालत नाही. तेवढा गॅस पुरत नाही. तेव्हा जळणातली दोन तृतीयांश, म्हणजे ४० हजारांचीच बचत धरली. दोन्ही मिळून १ लाख २१ हजार. वरचे हजार सोडून दिले. वाडीच्या घरांतून वर्षाला १ लाख २० हजार रुपये बाहेर जायचे थांबतील.

यातून संयंत्र चालवायचा खर्च जातो. दिवसाला सहाशे किलोंच्या वर शेण गोळा करणं, त्यात तेवढंच पाणी घालून गुठळ्या मोडेपर्यंत कालवणं, खडे आणि काड्या काढणं, ठरल्या वेळी नळीची चावी उघडणं आणि बंद करणं हे कुणीतरी रोज करावं लागतं. एका माणसाचे रोज दोन-तीन तास. त्याला महिना ५ हजार, म्हणजे वर्षाला ६० हजार. शेगड्या, नळ्या, चाव्या, डागडुजी यांना २० हजार. खर्च ८० हजार झाला. निव्वळ उरले ४० हजार. घरटी १,६०० रुपये.

सभेत थोडी चुळबूळ झाली. वर्षाला अडीच लाख ऐकून आलेल्या माणसांना ४० हजार हा आकडा खाली पाडणारा होता. पण मला तो फळ्यावर ठसठशीत लिहायचा होता, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

एकानं लगेच विचारलं, "आणि मळीचे पैसे?" संयंत्राच्या निचरा कुंडीतून रोज बाहेर पडणारी मळी हे उत्तम खत आहे, यात वाद नाही. शेणातला नत्र गॅसबरोबर जात नाही, तो मळीतच राहतो आणि पिकाला लवकर लागू पडतो. पण या वाडीवर शेण वाया जात नव्हतं. ते उकिरड्यात कुजून शेणखत म्हणून शेतातच जात होतं. ज्या गावात शेणाच्या गोवऱ्या थापून जाळतात तिथं मळीची पूर्ण किंमत धरता येते. इथं फरकच धरता येईल, आणि तो लहान आहे. शिवाय पातळ मळी शेतापर्यंत वाहून न्यायचा खर्च त्यातला बराचसा खाऊन टाकतो. मी मळीसमोर शून्य लिहिलं आणि तो शेतकऱ्यांचा वरकड फायदा समजा असं सांगितलं.

मग सवाईकडे वळलो. घुमट नीट बांधला तर वीस वर्षंही टिकतो, पण मी पंधरा धरली. दर आठ टक्के. पहिल्या वर्षअखेरीला वाचणाऱ्या ४० हजारांची आजची किंमत ३७ हजार. पाचव्या वर्षाच्या ४० हजारांची २७ हजार २००. दहाव्या वर्षाच्या ४० हजारांची साडेअठरा हजार. पंधराव्या वर्षाच्या ४० हजारांची १२ हजार ६००. पंधराही वर्षांची बेरीज ३ लाख ४२ हजार रुपये.

नुसता गुणाकार केला असता तर ६ लाख आले असते. ७ लाखांच्या खर्चापुढे ६ लाख ठेवले की थोडक्यात चुकलं असं वाटतं. प्रत्यक्षात जळणाच्या बचतीतून आजच्या भावानं निम्माच खर्च निघतो. म्हणजे संयंत्र बांधू नये असा याचा अर्थ नाही. याचा अर्थ, गावानं स्वतःच्या खिशातून फार तर ३ लाख ४२ हजार घालावेत, त्याच्यापुढे एक रुपयाही नाही. बाकीचं योजनेतून आलं तरच पुढे जावं. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागासाठीच्या दुसऱ्या टप्प्यात 'गोबरधन'खाली अशा सामुदायिक संयंत्रांसाठी जिल्ह्याला ५० लाखांपर्यंत निधीची तरतूद होती, ती याच कारणानं. धूर कमी होणं, उकिरडे स्वच्छ होणं, झाडतोड थांबणं हे फायदे सगळ्या समाजाचे आहेत, तेव्हा त्यांचा खर्चही समाजानं उचलावा. पंचवीस घरांनी एकट्यानं का उचलावा?

गावाचा वाटा अडीच लाखांचा. तो ३ लाख ४२ हजारांच्या आत बसतो. कधी फिटेल? नुसत्या भागाकारानं सव्वासहा वर्षांत. सवाईच्या हिशोबानं नवव्या वर्षाअखेरीला. वाडीनं लक्षात ठेवायचा आकडा हा नऊ. नऊ वर्षं संयंत्र न थकता चाललं तर गावानं घातलेले पैसे तेवढ्याला तेवढे परत येतात. खरा नफा दहाव्या वर्षापासून.

इथं मागच्या रांगेतली एक बाई उठली. ती बचत गट चालवते. तिनं विचारलं, "आठ टक्क्यांनी आम्हाला कोण कर्ज देतं?"

मला वाटतं त्या सभेतला तो सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता. त्यांच्या गटात आपापसातलं कर्ज महिना २ टक्क्यांनी दिलं जातं, म्हणजे वर्षाला २४. ज्या घराला १० हजारांचा वाटा भरायला ते कर्ज काढावं लागणार, त्या घरासाठी दर ८ नाही, २४ आहे. मी तिथंच दर बदलून बेरीज केली. १२ टक्क्यांनी त्याच पंधरा वर्षांच्या बचतीची आजची किंमत २ लाख ७२ हजार होते. अडीच लाखांच्या जेमतेम वर. २४ टक्क्यांनी ती १ लाख ६० हजार होते. तेच संयंत्र, तेच शेण, तीच शेगडी. ठेव मोडून पैसे भरणाऱ्या घराला ते परवडतं आणि कर्ज काढून भरणाऱ्या घराला ते तोट्यात जातं. एकाच वाडीत.

म्हणून घरटी सरसकट १० हजार रोख घेणं मला चुकीचं वाटतं आणि ते मी सभेत बोललो. ज्यांच्याकडे रोकड नाही त्यांचा वाटा खड्डा खणण्याच्या मजुरीतून किंवा गॅसच्या मासिक बिलातून थोडा थोडा घ्यावा. नाहीतर गरिबातलं गरीब घर सावकारी दरानं पैसे आणून सगळ्यांच्या सोयीला हातभार लावणार.

त्याला जोडूनच एक अडचण होती. चालवायचा खर्च वर्षाला ८० हजार, म्हणजे घरटी महिना २६७ रुपये. सरासरी घराची जळणबचत महिना ४०० रुपये, तेव्हा ठीक वाटतं. पण वाडीवरची सहा-सात घरं जळण विकत घेतच नाहीत. बाया माळावरून लाकूडफाटा गोळा करून आणतात आणि सिलिंडर वर्षातून एकदा-दोनदा भरतात. त्या घरातून आज पैसा बाहेर जात नाही. गॅस आला की महिना २६७ रुपये बाहेर जायला लागतील. त्यांना काय मिळेल? रोजचे दोन तास, आणि धुराशिवाय स्वयंपाक. त्याची किंमत मोठी आहे, पण ती रुपयांत येत नाही, आणि बिल मात्र रुपयांत येतं. ही घरं चौथ्या महिन्यात बिल थकवतात, मग त्यांची जोडणी तुटते, मग ती शेण द्यायचं थांबवतात. गैरव्यवस्थापन म्हणून ज्याची नोंद होते त्याची सुरुवात पुष्कळदा अशी असते.

यावर उपाय शेणाला भाव देण्याचा. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा या छोट्या गावात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिलं. आधी त्यांनी सगळ्या गावाला स्वयंपाकाचा गॅस द्यायचा घाट घातला होता. शेण पुरलं नाही आणि तो प्रयत्न बसला. मग १९८७ पासून त्याच शेणाच्या गॅसवर इंजिन चालवून गावाला पिण्याचं पाणी आणि दिवे देण्यात आले. तिथं घराघरातून येणारं शेण तोलून घेत, किलोमागे दोन पैसे आणणावळ देत आणि दिलेल्या शेणाच्या हिशोबानं मळी परत देत. दोन पैसे ही रक्कम तेव्हाही लहानच होती. पण ती शेण घेऊन येणाऱ्या बायका-मुलांच्या हातात पडायची, आणि तोलल्यामुळे कुणाचं किती हे सगळ्यांसमोर राहायचं. आमच्या वाडीवर दर वेगळा ठरेल, पण लाकूडफाटा गोळा करणाऱ्या घराकडे दोन म्हशी असतील तर शेणाच्या पैशातून गॅसचं बिल वळतं होऊ शकतं. ज्यांच्याकडे जनावरच नाही त्यांच्यासाठी दुसरा विचार करावा लागेल.

आता मी सभेत फळ्यावर सगळ्यात शेवटी मांडलेली गोष्ट. ४० हजार हा आकडा दोन मोठ्या आकड्यांतला फरक आहे. वाचणारे १ लाख २० हजार आणि जाणारे ८० हजार. माणसाचा पगार आणि डागडुजी गॅस कमी निघाला म्हणून कमी होत नाहीत. तेव्हा बचत पाचव्या हिश्शानं घटली, म्हणजे १ लाख २० हजारांची ९६ हजार झाली, तर निव्वळ उरतात १६ हजार. बचत पाचव्या हिश्शानं कमी, पण हातात राहणारे पैसे निम्म्याहूनही कमी. त्या १६ हजारांची पंधरा वर्षांची आजची किंमत १ लाख ३७ हजार. गावाचे अडीच लाख मग कधीच फिटत नाहीत. उलटही खरं आहे: सिलिंडर महागला आणि माणसाचा पगार तेवढाच राहिला तर निव्वळ बचत झपाट्यानं वाढते. पण पगारही वाढणार, म्हणून मी दोन्ही आजच्या भावानं जिथल्या तिथं ठेवले.

तेव्हा सगळा प्रश्न येऊन थांबतो तो रोजच्या शेणावर. एक घनमीटर गॅसला साधारण २५ किलो ताजं शेण लागतं. २५ घनमीटरला ६२५ किलो. गोठ्यातल्या एका मोठ्या जनावराचं रोज हाताशी येणारं शेण दहा किलोंच्या आसपास, म्हणजे ६३ जनावरं हवीत. अंदाजपत्रकात वाडीची ८४ जनावरं दाखवली होती. वासरं आणि रानातल्या वस्तीवर बांधलेली जनावरं वगळली तर बरोबर ६३ उरत होती. काठावरचा हिशोब. शेण आत ४० दिवस मुरेल एवढी टाकी धरली होती. पहिल्यांदा ती भरायलाच २५ टन शेण लागतं. आणि पाणी रोज सहाशे लिटरांवर, म्हणजे तीसेक हंडे. या भागात चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहणाऱ्या बायांना हे सांगताना मला स्वतःलाच थांबावं लागलं. निचरा कुंडीतलं वरचं पातळ पाणी आणि गोठ्यातलं गोमूत्र शेण कालवायला परत वापरता येतं आणि हंडे बरेच कमी करता येतात. पण ते रोज करायला माणूस हौशी नव्हे, पगारी लागतो. पगारातले पाच हजार वाचवून ते काम वाटून घेऊ, असं एका तरुणानं सुचवलं. पाळी ठरवून चालवलेली संयंत्रं मी पाहिली आहेत. पेरणीच्या आठवड्यात पाळी मोडते. दोन-तीन दिवस शेण पडलं नाही की दाब उतरतो, मग कुणीतरी कसर भरून काढायला एकदम दुप्पट शेण ढकलतं, आतलं मिश्रण आंबतं आणि गॅस पेटेनासा होतो.

बिघाड ओळखायला यंत्र लागत नाही. शेगडीची ज्योत निळी आणि ठाम असली तर सगळं ठीक आहे. ती पिवळी पडून फडफडायला लागली तर आधी नळीत पाणी साचलंय का ते बघायचं. गॅसबरोबर आलेली वाफ नळीच्या खोलगट जागी थंड होऊन पाणी होते, म्हणून तिथं पाणी काढायची तोटी ठेवतात. मळीला शेणाचा वास न राहता आंबट, उग्र वास यायला लागला तर शेण टाकणं काही दिवस थांबवायचं. दाब रात्रीतून उतरत असेल तर सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे. शेवटच्या घराची शेगडी सगळ्यात आधी मंदावते, म्हणून शेवटच्या घरातली बाई ही संयंत्राची खरी तपासनीस असते. तिची तक्रार पहिल्या दिवशी ऐकली जाते की पंधराव्या, यावर मी कुठल्याही संयंत्राचं भवितव्य सांगायला तयार आहे.

चौथ्याच वर्षी संयंत्र बंद पडलं तर? तेही मांडलं. चार वर्षांच्या ४० हजारांची आजची किंमत १ लाख ३२ हजार. गावाच्या अडीच लाखांतले निम्मे गेले, आणि मध्ये काळा पडलेला घुमट.

सरपंचताईंनी त्या दिवशी ठराव मांडला नाही. त्यांनी महिनाभर शेण तोलायचं ठरवलं. गोठ्यासमोर तागडीऐवजी ताणकाटा टांगला, आणि दोन शाळकरी मुलींना वही दिली. घर, तारीख, किलो, एवढे तीन रकाने. तो महिना कार्तिकाचा होता. महिन्याच्या शेवटी त्यांनी मला वहीची पानं पाठवली. पहिल्या आठवड्यात रोज ६०० किलोंच्या आसपास शेण आलं होतं. मग एका तारखेला चार घरांचे रकाने एकदम कोरे, आणि पुढे रोजच कोरे. ती गाडीबैलांची घरं. ऊसतोडीला कारखान्याकडे निघून गेली होती, फाल्गुनाआधी परत येणार नव्हती. महिन्याची सरासरी ५१० किलो निघाली. हव्या त्या ६२५ च्या जवळजवळ पाचव्या हिश्शानं कमी.

फळ्यावर मी उदाहरण म्हणून मांडलेलं पाचव्या हिश्शाचं गणित वाडीचंच निघालं. बैल चैत्रात गोठ्यात असताना पुन्हा एक महिना तोलायचं त्यांनी ठरवलं आहे, आणि रानातल्या वस्तीवरचं शेण गाडीनं आणायला काय पडेल तेही काढायला सांगितलं आहे. तोवर प्रस्तावाच्या मसुद्यात त्यांनी एकच दुरुस्ती केली. 'गावाचा वाटा' या रकान्यातले अडीच लाख खोडले आणि त्यावर १ लाख ३७ हजार लिहिले. घरटी साडेपाच हजार. बाजूला समासात पेन्सिलीनं एक ओळ आहे: "ज्यांच्याकडे रोख नाही, त्यांचे खड्ड्याच्या मजुरीतून."